एमएक्समध्ये थेट आयपी टाकला तर काय बिघडतं? (काही मेल येतात, जीमेलवरचे परत जातात)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेचं मेल स्वतःच्या व्हीपीएसवर आहे, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट. आधी हे सगळं पाहणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि कारभार माझ्या गळ्यात आला. मी मूळचा अकाउंट्सचा, कमांड लाइन जमते इतकंच.

तक्रार अशी आहे की सभासद जीमेलवरून जे मेल पाठवतात ते त्यांच्याकडे परत जातात. पण आमच्या ऑडिटरच्या ऑफिसातून येणारे मेल नीट पोचतात. शाखाशाखांमधलेही पोचतात. म्हणजे सर्व्हर बंद नाही. बाहेरच्या मशीनवरून २५ पोर्टला टेलनेट केलं, बॅनरही लगेच येतो. डोमेन आणि आयपी बदलून देतो आहे:

```
$ dig +short MX example.com
10 203.0.113.25.
```

हा आयपी आमच्याच सर्व्हरचा, शंभर टक्के बरोबर. परत गेलेल्या मेलमध्ये DNS Error आणि NXDOMAIN असं लिहिलेलं असतं. माझं डोकं इथेच अडलंय. पत्ता बरोबर, सर्व्हर चालू, मग सापडत नाही ते काय? नाव लिहा नाहीतर आयपी लिहा, जायचं तर एकाच ठिकाणी ना?

बिनधास्त_बंड्या

आयपीचा काही संबंध नाही राव. माझ्या डोमेनच्या एमएक्समध्ये पहिल्यापासून आयपीच आहे. जीमेल, याहू, सरकारी, सगळ्यांचे मेल येतात. तुमचा आयपी जीमेलने ब्लॉक केला असेल. ब्लॅकलिस्ट तपासा आधी.

झोनफाईल

बंड्याभाऊ, ब्लॅकलिस्ट लागते मेल पाठवणाऱ्याच्या आयपीला. इथे पाठवणारा जीमेल आहे. आणि जीमेल यांच्या सर्व्हरपर्यंत आलाच नाही, त्याला सर्व्हर सापडलाच नाही. तुमच्या डोमेनकडे नंतर येतो, तिथे वेगळीच गंमत असणार असा माझा अंदाज आहे.

वारणाकाठ, तुमच्या dig च्या उत्तरात आयपीच्या शेवटी एक टिंब आहे, ते बघितलंत का? आयपीला शेवटी टिंब नसतं. टिंब असतं ते पूर्ण लिहिलेल्या नावाला. म्हणजे डीएनएसच्या लेखी तुमच्या एमएक्समध्ये आयपी नाहीच, "203.0.113.25" नावाचा एक होस्ट आहे. आता हे करून बघा:

```
$ dig A 203.0.113.25. | grep status
```

वारणाकाठ

केलं काका. हे आलं:

```
;; ->>HEADER<<- opcode: QUERY, status: NXDOMAIN, id: 48213
```

पण ping 203.0.113.25 केलं तर व्यवस्थित उत्तर येतं. हे कसं?

झोनफाईल

पिंग डीएनएसला विचारतच नाही. तुम्ही दिलेला मजकूर आकड्यांचा पत्ता आहे हे त्याला आधीच ओळखता येतं, मग ते थेट तिकडे जातं. ब्राउझरही तसंच करतो, टेलनेटही. त्यामुळे आपल्याला सवय लागते की नाव आणि आयपी कुठेही अदलाबदल करून चालतात.

एमएक्सच्या नोंदीत तसं नाही. त्या नोंदीत दोनच गोष्टी बसतात: एक प्राधान्याचा आकडा आणि एक नाव. १९८७ च्या आरएफसी १०३५ पासून ते असंच आहे. आयपी लिहायची जागाच त्यात नाही. तुम्ही 203.0.113.25 टाकलंत की टिंबाटिंबावर तुकडे पाडून ते नाव म्हणूनच साठवलं जातं. तारेवरून जाताना तुमची नोंद अशी दिसते:

```
00 0a  03 32 30 33  01 30  03 31 31 33  02 32 35  00
```

पहिले दोन बाइट म्हणजे १० हे प्राधान्य. मग "तीन अक्षरं: 2, 0, 3", मग "एक अक्षर: 0", मग "तीन अक्षरं: 1, 1, 3", मग "दोन अक्षरं: 2, 5", आणि शेवटी शून्य, म्हणजे नाव संपलं. इथले 2 आणि 5 हे अक्षरांसारखे आहेत, संख्या नाही. खरा आयपी असता तर तो चार बाइटांत मावला असता, cb 00 71 19 असा, आणि तो राहतो ए रेकॉर्डमध्ये.

आता जीमेल काय करतो? एमएक्स विचारला, नाव मिळालं. त्या नावाचा ए आणि एएएए विचारला. नाव उजवीकडून वाचलं जातं. com किंवा in च्या जागी इथे "25" आहे. 25 नावाचं टॉप लेव्हल डोमेन जगात नाही, तेव्हा रूट सर्व्हरनेच सांगितलं की असं काही नाही. तुमचा NXDOMAIN तो हा. तुमचं डोमेन सापडतंय, मेलची जबाबदारी तुम्ही ज्या होस्टवर टाकली आहे तो सापडत नाही.

वारणाकाठ

हे टिंबाचं पहिल्यांदाच कळलं. पण मग ऑडिटरचे मेल कसे पोचतात? त्यांनाही हेच उत्तर मिळत असणार.

झोनफाईल

दोन निराळी कारणं आहेत.

शाखांचे मेल तुमच्याच सर्व्हरवरून तुमच्याच सर्व्हरवर जातात. पोस्टफिक्सला कॉन्फिगरेशनमध्येच सांगितलेलं आहे की example.com माझं आहे. तो एमएक्स बघतच नाही, सरळ मेलबॉक्समध्ये टाकतो. म्हणून घरातल्या घरात मेल पाठवून एमएक्स तपासला असं कधी समजू नये. पुष्कळ जण तसंच करतात आणि "टेस्ट ओके" लिहून मोकळे होतात.

ऑडिटरकडे बहुधा पोस्टफिक्सच असणार. एमएक्समध्ये आकड्यांचं नाव दिसलं तर पोस्टफिक्स कुरकुर करतो, पण ते चालवून घेतो आणि आयपी समजून जोडणी करतो. त्यांच्या लॉगमध्ये अशी ओळ असेल:

```
warning: numeric domain name in resource data of MX record for example.com: 203.0.113.25
```

हा त्याचा मनाचा मोठेपणा आहे, नियम नव्हे. जीमेल असा मोठेपणा दाखवत नाही. म्हणून तुमच्याकडे अर्धे मेल येतात आणि अर्धे नाहीत. सगळंच बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

बिनधास्त_बंड्या

बरं मग माझं कसं चालतं ते सांगा. मला तर जीमेलचे मेल येतात. हे घ्या, मीही डोमेन बदलून देतो:

```
$ dig +short MX example.net
10 203.0.113.80.example.net.
```

हे मागे डोमेन कुठून चिकटलं माहीत नाही, पॅनेलमध्ये मी फक्त आयपी लिहिलाय.

झोनफाईल

वाटलंच होतं. आता हेही करा, आणि दुसऱ्या ओळीत तोंडाला येईल ते नाव टाका:

```
$ dig +short A 203.0.113.80.example.net
$ dig +short A kahitari.example.net
```

बिनधास्त_बंड्या

दोन्हीला 203.0.113.80 येतं. kahitari नावाचं काही मी बनवलेलंच नाही. हे काय आहे?

झोनफाईल

तुमच्या झोनमध्ये *.example.net असा वाइल्डकार्ड ए रेकॉर्ड आहे. वेबसाइटच्या सबडोमेनसाठी कोणीतरी टाकला असेल.

घडलं ते असं. वारणाकाठ यांच्या पॅनेलने आयपीच्या शेवटी टिंब लावलं, म्हणून त्यांचं नाव तिथेच संपलं. तुमच्या पॅनेलने टिंब लावलं नाही, आणि टिंब नसलेल्या नावामागे झोनचं नाव आपोआप जोडलं जातं. झालं 203.0.113.80.example.net. असं नाव तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, पण वाइल्डकार्ड सगळ्यांना हो म्हणतो, यालाही म्हणाला. वाइल्डकार्डचा आयपी आणि मेल सर्व्हरचा आयपी एकच आहे, म्हणून मेल पोचतात. थोडक्यात तुमच्या एमएक्समध्येही आयपी नाही. होस्टनेमच आहे, फक्त विचित्र दिसणारं.

उद्या वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवलीत आणि वाइल्डकार्ड तिकडे वळवला, की तुमचे मेल वेब होस्टिंगच्या मशीनवर जाऊन थडकतील. एमएक्सच्या नोंदीला कोणी हात लावलेला नसेल, त्यात जुना आयपी दिमाखात दिसत असेल, आणि तुम्ही शोधत बसाल.

बिनधास्त_बंड्या

आयला. साइट पुढच्या महिन्यात हलवायचीच आहे.

मीनल_क

टिंबाचा उलटा प्रकार मी नेहमी बघते. आमचं चिंचवडला छोटं वेब डिझाइनचं दुकान आहे, क्लायंटची डोमेनं आम्हीच सांभाळतो. काही पॅनेलमध्ये mail.example.com लिहिलं की ते गुपचूप mail.example.com.example.com होतं, काहींमध्ये नाही होत. पॅनेलच्या स्क्रीनवर दोन्हीकडे सारखंच दिसतं. म्हणून सेव्ह केल्यावर मी पॅनेलकडे बघतच नाही, बाहेरून dig करते. विंडोजवर असाल तर nslookup -type=mx.

आणि त्याहून जास्त वेळा दिसणारी चूक पहिल्या चौकटीत असते. एमएक्स भरताना "नाव" किंवा "होस्ट" अशी एक चौकट असते, तिथे @ टाकायचं असतं किंवा ती रिकामी सोडायची असते. लोक तिथे mail लिहितात. वाटतं बरोबरच, मेलचीच नोंद आहे ना. पण मग तो एमएक्स तयार होतो mail.example.com साठी, म्हणजे कोणीतरी@mail.example.com अशा पत्त्यांसाठी. example.com ला एमएक्सच उरत नाही.

एका क्लायंटकडे हे झालं होतं. त्यांनी विकत घेतलेली मेल सेवा नीट चालू होती, पण इनबॉक्स रिकामा. मेल परतही येत नव्हते! शेवटी सापडले वेब होस्टिंगच्या कोपऱ्यातल्या मेलबॉक्समध्ये. एमएक्स नाही म्हणून पाठवणाऱ्यांनी वेबसाइटचा ए रेकॉर्ड धरला, आणि त्या होस्टिंगवर त्याच नावाचं मेल खातं कधीकाळी बनवलेलं होतं. त्याने आनंदाने सगळं घेतलं.

वारणाकाठ

मीनलताई, म्हणजे एमएक्स नसेल तर ए रेकॉर्ड वापरतात? मग माझ्या बाबतीत एमएक्स चुकीचा निघाल्यावर जीमेलने example.com चा ए रेकॉर्ड का नाही धरला? तोही याच सर्व्हरचा आहे.

मीनल_क

हे मला नक्की सांगता येणार नाही. काका?

झोनफाईल

एमएक्स अजिबात नसेल तरच ए रेकॉर्डकडे वळायचं, असा नियम आहे. एकजरी एमएक्स असेल आणि तो निकामी निघाला, तर पाठवणाऱ्याने चूक कळवायची, ए रेकॉर्ड शोधत बसायचं नाही. आरएफसी ५३२१ मध्ये हे स्पष्ट आहे. कारणही पटण्यासारखं आहे. तुम्ही एमएक्स लिहिलात म्हणजे मेल कुठे घ्यायचं हे तुम्ही ठरवलंत. ते सापडत नाही म्हणून मेल भलत्याच मशीनवर टाकणं धोक्याचं. मीनलच्या क्लायंटचं काय झालं ते वर आहेच.

म्हणून वारणाकाठ, तुमच्या बाबतीत गंमत अशी की ती एमएक्सची नोंद नुसती पुसून टाकली असती तरी जीमेलचे मेल यायला लागले असते. तसं करा असं म्हणत नाही. पण चुकीचा एमएक्स हा नसलेल्या एमएक्सपेक्षा वाईट, हे खरं.

रानफूल

माझाही प्रश्न हाच आहे. मी घरगुती मसाल्यांच्या ऑर्डर मेलवर घेते, माझे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात. एमएक्समध्ये आयपी ऐवजी नाव टाकलं की स्पॅममध्ये जाणं थांबेल का?

मीनल_क

रानफूल, तुझा प्रश्न वेगळा आहे गं. एमएक्स येणाऱ्या मेलसाठी असतो. तुझे जाणारे मेल स्पॅममध्ये जातात, त्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि सर्व्हरच्या आयपीचं उलटं नाव बघावं लागेल. नवा धागा काढ, तिथे सांगते. मेलचं पूर्ण हेडर चिकटव, नावं खोडून.

बिनधास्त_बंड्या

एसपीएफमध्ये मात्र आयपी चालतो, ip4: असं लिहून. मग एकाच झोनमध्ये एकीकडे चालतो, एकीकडे नाही, ही काय पद्धत?

झोनफाईल

एसपीएफ हा टीएक्सटी रेकॉर्ड आहे, नुसता मजकूर. त्यात ip4: असा शब्दच ठेवलाय, वाचणाऱ्याला कळतं की पुढे पत्ता आहे. एमएक्समध्ये अशी खूण नाही.

रानफूलला दिलेल्या उत्तरात एक पुस्ती. काही सर्व्हर मेल स्वीकारताना पाठवणाऱ्याच्या डोमेनला एमएक्स किंवा ए आहे का तेही बघतात. त्यामुळे मोडका एमएक्स जाणाऱ्या मेललाही कधीकधी नडतो. पण स्पॅमचं मुख्य कारण ते नसतं.

वारणाकाठ

आता बदल करायला बसतो आहे. पण एक विचारू का? नियम तसा आहे हे कळलं. तसा का केला? चार बाइट ठेवले असते तर एक शोध वाचला असता.

झोनफाईल

शोध फारसा वाचत नाही. एमएक्सचं उत्तर देताना, त्या होस्टचा ए रेकॉर्ड डीएनएस सर्व्हरकडे असेल तर तोही तो बरोबर जोडून देऊ शकतो. ती सोय सुरुवातीपासून आहे.

नाव ठेवण्याचं पहिलं कारण जुनं आहे. एमएक्स आला १९८६ साली. त्याआधी १९८३ च्या आराखड्यात एमडी आणि एमएफ असे दोन रेकॉर्ड होते, त्यांतही होस्टचं नावच होतं. एका डोमेनला अनेक एमएक्स असू शकतात, आणि त्यांतला दुय्यम सर्व्हर मेल पुढे मुख्य सर्व्हरकडे ढकलतो. त्या दुय्यमला यादी वाचून "यात मी कुठे आहे" हे ओळखावं लागतं, म्हणजे स्वतःला आणि आपल्याहून खालच्यांना यादीतून वगळता येतं. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांकडे तेच मेल टोलवत बसतील. ही ओळख नावावरून पटते. मशीनला आयपी चार असतील, बदलतीलही, नाव एक.

दुसरं कारण रोजच्या कामाचं. नावाला ए असतो, एएएए असतो, एकाहून जास्त ए असू शकतात. आयपीव्ही६ आला तेव्हा एमएक्सच्या नोंदीत काहीही बदलावं लागलं नाही. मेल होस्टला एएएए जोडला की झालं. नोंदीत चार बाइट ठेवले असते तर नवा रेकॉर्ड काढावा लागला असता. मी ज्या ठिकाणी होतो तिथे कित्येक ग्राहकांची डोमेनं एकाच मेल होस्टच्या नावावर होती. डेटा सेंटर बदललं तेव्हा एक ए रेकॉर्ड बदलला, ग्राहकांना फोनसुद्धा करावा लागला नाही. ज्यांच्या झोनमध्ये आपापला आयपी लिहिलेला होता त्यांना एकेकाला गाठावं लागलं, आणि त्यांतल्या काहींना आपल्या पॅनेलचा पासवर्ड ठाऊक नव्हता.

टोरांटोकर

यात एक भर घालतो. प्रमाणपत्रही नावाचं असतं. एमटीए-एसटीएस लावलं असेल तर पाठवणारा सर्व्हर एमएक्समधलं नाव आणि टीएलएस प्रमाणपत्रावरचं नाव जुळवून बघतो, आणि जीमेल एमटीए-एसटीएस पाळतो. डेनमध्येही नावच लागतं. एरवी बहुतेक सर्व्हर नाव न तपासता एन्क्रिप्शन करून मोकळे होतात, तो भाग वेगळा.

काकांना एक विचारायचं होतं. एमएक्सने सीनेमकडे बोट दाखवू नये असंही म्हणतात. पण मी इथे कामावर अशी कितीतरी डोमेनं बघतो आणि मेल बिनबोभाट येतात. हा नियम आता नावापुरता उरलाय असं माझं मत.

झोनफाईल

नियम १९९७ च्या आरएफसी २१८१ मध्ये स्वच्छ शब्दांत आहे: एमएक्समधलं नाव टोपणनाव नसावं. कारण वर आलं तेच. सर्व्हर स्वतःला mx1 म्हणून ओळखतो आणि यादीत दिसतं mail, जे mx1 चं टोपणनाव आहे. त्याला वाटतं हा कोणी दुसरा, आणि तो मेल पुढे ढकलतो, म्हणजे स्वतःकडेच. एकच सर्व्हर असेल आणि डोमेन त्याला ठाऊक असेल तर हे घडत नाही, म्हणून तुम्हाला त्रास दिसत नाही.

टोरांटोकर

आणि आजकाल बहुतेकांकडे एकच सर्व्हर किंवा मोठ्या कंपनीची सेवा असते. म्हणजे व्यवहारात फरक पडत नाही, हेच मी म्हणतोय.

झोनफाईल

पडत नाही तोवर पडत नाही. कोणता पाठवणारा कडक निघेल हे तुमच्या हातात नसतं. named-checkzone अशा झोनला "is a CNAME (illegal)" असं सुनावतो, आणि आयपी दिसला तर "MX is an address". मी दोन्ही वेळा त्याचं ऐकतो. तुम्ही नका ऐकू, आपलं भांडण नाही.

वारणाकाठ

केलं. आधी ए रेकॉर्ड टाकला, dig ने तो दिसल्यावर एमएक्स बदलला:

```
mail.example.com.  3600  IN  A   203.0.113.25
example.com.       3600  IN  MX  10 mail.example.com.
```

माझ्या जीमेलवरून पाठवलेला मेल लगेच आला, लॉगमध्ये google.com च्या मशीनकडून जोडणी दिसली. पण आमच्या एका संचालकांचा मेल अजून परत जातोय. त्यांचं मेल त्यांच्या कारखान्याच्या सर्व्हरवर आहे.

झोनफाईल

क्रम बरोबर केलात. एमएक्स आधी बदलला असता आणि mail चा ए नसताना कोणी विचारून गेलं असतं, तर "असं नाव नाही" हे उत्तरही त्यांच्याकडे काही काळ साठून राहिलं असतं.

कारखान्याकडे जुना एमएक्स साठलेला असणार. जुन्या नोंदीचा टीटीएल किती होता? नवा ३६०० आहे, पण वाट बघायची ती जुन्या आकड्याची.

वारणाकाठ

पॅनेलमध्ये १४४०० होता. म्हणजे चार तास. संध्याकाळी परत बघतो. आणि एवढ्या दिवसांत जे सभासदांचे मेल परत गेले, ते कुठे रांगेत अडकलेले असतील का? सर्व्हर बंद असला की पाठवणारा काही दिवस प्रयत्न करत राहतो असं वाचलं होतं.

झोनफाईल

सर्व्हर सापडतो पण उत्तर देत नाही तेव्हा तसं होतं. पोस्टफिक्स अशा वेळी मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस धरून ठेवतो. इथे नावच अस्तित्वात नाही असं पक्कं उत्तर मिळत होतं, त्याला बहुतेक सर्व्हर कायमची चूक समजतात आणि लगेच मेल परत करतात. पोस्टफिक्समध्ये यासाठी smtp_defer_if_no_mx_address_found अशी एक सेटिंग आहे, पण ती पाठवणाऱ्याकडची, आणि मुळात बंद असते. ते मेल सभासदांनाच पुन्हा पाठवावे लागतील.

वारणाकाठ

मग शाखांमध्ये सूचना लावायला सांगतो. धन्यवाद काका, मीनलताई.

मीनल_क

वारणाकाठ, एकदा `dig +short MX example.com` परत बघा आणि एकच ओळ येते ना ते तपासा. काही पॅनेलमध्ये "बदला" केलं की नवी ओळ वाढते, जुनी तशीच राहते. दोन्हींचा आकडा १० असेल तर पाठवणारा कधी ही उचलतो कधी ती.

वारणाकाठ

एकच येते. टिंबासकट.

बिनधास्त_बंड्या

काका, माझं राहिलं. साइट हलवायच्या आधी वाइल्डकार्ड काढून टाकू का? त्याच्या भरवशावर किती सबडोमेन चालतात ते मलाच माहीत नाही.

झोनफाईल

वाइल्डकार्डला हात लावू नका. mail.example.net चा स्वतंत्र ए रेकॉर्ड टाका, मेल सर्व्हरच्या आयपीवर. नावाची स्वतःची नोंद असली की तिथे वाइल्डकार्ड लागू होत नाही. मग एमएक्स तिकडे वळवा. जुना टीटीएल उलटेपर्यंत थांबा आणि त्यानंतर साइट हलवा. वाइल्डकार्ड कुठेही गेला तरी मेल जागेवर राहील.

पण आणखी एक बघून ठेवा. तुमच्या लोकांच्या फोनमध्ये इनकमिंग सर्व्हर म्हणून काय लिहिलंय? तिथे pop.example.net किंवा imap.example.net असलं काही असेल, तर तीही नावं वाइल्डकार्डवरच उभी असतील.

बिनधास्त_बंड्या

तिथे काय आहे ते बघावं लागेल. निम्म्यांचे फोन मीच सेट करून दिलेत, बाकीच्यांनी काय टाकलंय देव जाणे.